पुण्याहून सणासुदीची विशेष गाडी: पत्रक वाचण्यापासून बर्थ मिळेपर्यंत

गेल्या दिवाळीआधी माझ्या भाचीचा फोन आला. ती हिंजवडीत नोकरीला लागून तेव्हा चार महिने झाले होते आणि घर शेगावला. "मामा, सगळ्या गाड्यांना वेटिंग दीडशेच्या पुढे आहे. ट्रॅव्हल्सवाला तिप्पट मागतोय. आता काय करू?" मी विचारलं, "विशेष गाड्या पाहिल्यास का?" ती म्हणाली, "त्या कुठे दिसतात?"

हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात आणि दर दिवाळीत कुणी ना कुणी विचारतं. पुण्यात नव्याने आलेल्या विदर्भ-खानदेशातल्या मुलामुलींना नेहमीच्या गाड्या माहीत असतात, पण विशेष गाडी कधी जाहीर होते, ती महाग का असते आणि तिचं आरक्षण कधी उघडतं हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून भाचीचं तिकीट आम्ही कसं काढलं ते पायरीपायरीने लिहितो. उदाहरण पुणे-नागपूर मार्गाचं आहे, कारण पुण्यातून सणाला सगळ्यात जास्त ओढ त्या दिशेला असते. दानापूर, गोरखपूर किंवा रत्नागिरीच्या गाडीलाही पद्धत हीच लागते.

आधी गाडी ओळखायला शिका

रेल्वेच्या गाडीचा क्रमांक पाच आकडी असतो. पहिला आकडा शून्य असेल तर ती विशेष गाडी. मध्य रेल्वेच्या विशेष गाड्या बहुतेक 01 ने सुरू होतात, म्हणून पुण्याहून सुटणारी उन्हाळी किंवा दिवाळी विशेष साधारणपणे 014XX असं काहीतरी दिसते. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाडीचे क्रमांक बहुधा लागोपाठचे असतात. ही जोडी लक्षात ठेवा, प्रवासाच्या दिवशी तिचा उपयोग होणार आहे.

कोरोनाच्या काळात जवळजवळ सगळ्याच गाड्यांना शून्य लागलं होतं. नोव्हेंबर 2021 मध्ये जुने क्रमांक परत आले. त्यामुळे तेव्हाचं एखादं तिकीट किंवा मेसेज फोनमध्ये सापडला तर तो क्रमांक आज शोधू नका.

विशेष गाडी वेळापत्रकातली कायमची गाडी नसते. ठराविक तारखांपुरते डबे जुळवून ती चालवली जाते. तिचं भाडं वेगळं असणं, आरक्षण वेगळ्या दिवशी उघडणं आणि ती बऱ्याचदा उशिरा धावणं, हे सगळं त्यातूनच येतं.

जाहीर कुठे होतं

मध्य रेल्वे गाडी जाहीर करते ती प्रसिद्धीपत्रकाने. ते मध्य रेल्वेच्या cr.indianrailways.gov.in या संकेतस्थळावर येतं, रेल्वेच्या अधिकृत समाजमाध्यम खात्यांवर येतं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतं. वर्तमानपत्रातल्या बातमीत अनेकदा गाडीचं नाव आणि फेऱ्यांची संख्या एवढंच उरतं. आरक्षणाची तारीख गळते, थांबे गळतात. म्हणून बातमी वाचली की मूळ पत्रक शोधून काढायचं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांवर तर मी मुळीच विसंबत नाही, त्यात मागच्या वर्षीच्या तारखा तशाच पुढे ढकललेल्या असतात.

एकच यादी येऊन काम संपत नाही, हेही ध्यानात घ्या. पहिल्या पत्रकानंतर गर्दी पाहून आणखी गाड्या निघतात आणि आधीच्या गाड्यांच्या फेऱ्या वाढतात. त्या पत्रकात 'कालावधी विस्तारित' असे शब्द असतात. गाडी तीच, क्रमांक तोच, फक्त पुढच्या तारखा जोडलेल्या. लोक 'ही तर जुनीच गाडी' म्हणून ते पत्रक वाचत नाहीत, आणि वाढवलेल्या फेऱ्यांत जागा असूनही ती हातची जाते. भाचीला जागा मिळाली ती अशाच वाढवलेल्या फेरीत.

पत्रक कसं वाचायचं

पत्रकाची भाषा ठरलेली असते. समजावण्यासाठी मी तसाच एक मजकूर रचला आहे. ही खरी गाडी नाही, पण खरं पत्रक हुबेहूब असंच असतं:

"पुणे-नागपूर साप्ताहिक विशेष. गाडी क्रमांक 014XX विशेष दि. 16 ऑक्टोबर ते 6 नोव्हेंबर दरम्यान दर गुरुवारी पुणे येथून 00.25 वाजता सुटेल आणि नागपूर येथे त्याच दिवशी 17.30 वाजता पोहोचेल. (4 फेऱ्या) थांबे: उरुळी, दौंड कॉर्ड लाईन, अहिल्यानगर, कोपरगाव, मनमाड, जळगाव, भुसावळ, मलकापूर, शेगाव, अकोला, बडनेरा, धामणगाव, पुलगाव आणि वर्धा. संरचना: एक द्वितीय वातानुकूलित, चार तृतीय वातानुकूलित, सहा शयनयान, सहा सामान्य द्वितीय श्रेणी. आरक्षण: विशेष शुल्कासह आरक्षण दि. 5 ऑक्टोबर रोजी सर्व संगणकीकृत आरक्षण केंद्रांवर आणि www.irctc.co.in या संकेतस्थळावर सुरू होईल."

या एवढ्याशा परिच्छेदात चार जागी माणूस चुकतो.

पहिली चूक तारखेची. 00.25 म्हणजे मध्यरात्र उलटून पंचवीस मिनिटं. गुरुवारी 00.25 ला सुटणारी गाडी पकडायला बुधवारी रात्री जेवून स्टेशनवर जायचं असतं. आपण बोलताना 'गुरुवारी रात्रीची गाडी' म्हणतो आणि गुरुवारी रात्री फलाटावर पोहोचतो, तेव्हा गाडी मुक्कामी पोहोचून कित्येक तास झालेले असतात. विशेष गाड्यांना वेळापत्रकातल्या मोकळ्या फटी मिळतात, म्हणून अशा अडनिड्या वेळा त्यांच्याच वाट्याला जास्त येतात. तिकीट काढण्याआधी कागदावर 'बुधवार रात्री 11 वाजता घरातून निघणे' असं स्वतःच्या भाषेत लिहून ठेवा.

दुसरी चूक थांब्यांची. दौंड कॉर्ड लाईन हे दौंड जंक्शन नव्हे. मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंड जंक्शनात इंजिन फिरवावं लागू नये म्हणून बाहेरून जाणारी जोडरेषा काढली, तिच्यावरचं हे वेगळं स्टेशन आहे. तुमचे नातेवाईक दौंडला न्यायला येणार असतील तर त्यांना नेमकं स्टेशन सांगा. आरक्षणाच्या पडद्यावर त्याचा कोड DDCC आहे. नेहमीची गाडी जिथे थांबते तिथे विशेष गाडी थांबेलच असंही धरू नका. शेगाव, मलकापूर, धामणगाव ही नावं यादीत आहेत का हे एकेक करून पाहा.

तिसरी गोष्ट सुरुवातीच्या स्टेशनाची. पुणे स्टेशनावर फलाट अपुरे पडतात, म्हणून काही गाड्या हडपसरहून सोडल्या जातात. कोथरूड किंवा वारजेला राहणाऱ्या माणसाला सणाच्या संध्याकाळी हडपसर गाठायला किती वेळ लागतो ते वेगळं सांगायला नको. पत्रकात 'पुणे येथून' लिहिलंय की 'हडपसर येथून' हे नीट पाहा. शोधतानाही PUNE आणि HDP असे दोन्ही कोड टाकून पाहा, कारण पुण्याच्या शोधात हडपसरची गाडी नजरेतून सुटू शकते.

चौथी गोष्ट संरचनेची. सहा शयनयान आणि चार तृतीय वातानुकूलित डबे म्हटल्यावर आपल्याला किती जागा आहेत याचा अंदाज येतो. जुन्या बनावटीच्या शयनयान डब्यात 72 आणि तृतीय वातानुकूलितमध्ये 64 बर्थ असतात, नव्या एलएचबी डब्यात 80 आणि 72. सहा शयनयान म्हणजे साधारण सव्वाचारशे ते पावणेपाचशे बर्थ. काही पत्रकांत सगळी गाडी वातानुकूलित असते, काहींत सगळी अनारक्षित. अनारक्षित विशेष असेल तर आरक्षणाची वाट पाहत बसू नका. तिचं तिकीट त्याच दिवशी खिडकीवर किंवा ॲपवर मिळतं, आणि जागा मिळते ती लवकर पोहोचणाऱ्याला.

भाडं जास्त का, आणि नेमकं किती

पत्रकातले 'विशेष शुल्कासह' हे दोन शब्द पैशाचे आहेत. ते असतील तर मूळ भाड्यावर वाढ लागते: द्वितीय श्रेणीला मूळ भाड्याच्या 10 टक्के आणि बाकी सगळ्या श्रेणींना 30 टक्के. या वाढीला श्रेणीनुसार किमान आणि कमाल मर्यादा असते. त्यामुळे लांबच्या प्रवासात, समजा पुण्याहून दानापूरला, वाढ कमाल मर्यादेला अडते आणि टक्केवारीत ती तीसपेक्षा कमी भरते. हे शब्द पत्रकात नसतील तर गाडी नेहमीच्या भाड्यानेही असू शकते. तसं अधूनमधून होतं, म्हणून विशेष म्हटल्याबरोबर महाग असं गृहीत धरू नका.

हिशेब एकदा हाताने करून पाहू. आकडा सोपा राहावा म्हणून तृतीय वातानुकूलितचं मूळ भाडं 1000 रुपये धरू. नेहमीच्या अतिजलद गाडीत त्यावर 40 रुपये आरक्षण शुल्क आणि 45 रुपये अतिजलद शुल्क लागतं, म्हणजे 1085. वातानुकूलित श्रेणीला 5 टक्के जीएसटी, म्हणून एकूण सुमारे 1140 रुपये. विशेष गाडीत मूळ भाडं 1300 होतं, तेच 40 आणि 45 मिळवून 1385, जीएसटी धरून सुमारे 1455. म्हणजे माणशी सव्वातीनशेच्या आत फरक. ट्रॅव्हल्सच्या दिवाळीतल्या दरापुढे हा फरक मला कधीच जड वाटला नाही.

आता ज्यामुळे सगळ्यात जास्त लोक चकतात ते सांगतो. विशेष शुल्काच्या गाडीत भाडं आकारण्याचं किमान अंतर ठरलेलं असतं. शयनयान आणि तृतीय वातानुकूलितसाठी ते 500 किलोमीटर आहे. तुम्ही 160 किलोमीटर गेलात तरी भाडं 500 किलोमीटरचं पडतं. आरक्षित द्वितीय श्रेणीच्या आसनांना, म्हणजे पडद्यावर 2S दिसतं त्यांना, ही मर्यादा 100 किलोमीटर आहे.

पुण्याच्या मार्गावर याचा अर्थ काय होतो ते बघा. या मार्गाने पुणे ते मनमाड अंतर सुमारे 310 किलोमीटर, भुसावळपर्यंत सुमारे 495. म्हणजे पुण्याहून शयनयानात बसणारा माणूस अहिल्यानगरला उतरला काय किंवा भुसावळला उतरला काय, पैसे जवळपास सारखेच देतो. भुसावळ ओलांडलं की मग खऱ्या अंतराचं भाडं सुरू होतं. शेगाव सुमारे 600 किलोमीटरवर आहे, म्हणून भाचीला फक्त तीस टक्क्यांचा भुर्दंड बसला. पण तिच्याच ऑफिसातला कोपरगावचा एक मुलगा शयनयानाचं भाडं पाहून चक्रावला. 'ॲपमध्ये काहीतरी गडबड आहे' म्हणून त्याने तीनदा तपासलं. गडबड काहीच नव्हती, तो 500 किलोमीटरचं भाडं पाहत होता. अहिल्यानगर किंवा कोपरगावला जाणाऱ्यांना माझा सल्ला स्पष्ट आहे: विशेष गाडीचं शयनयान घेऊ नका. 2S असेल तर ते घ्या, नाहीतर सामान्य डब्यातून किंवा एसटीने जा. ते बर्थ लांब जाणाऱ्यांना सोडले तर दोघांचंही भलं होतं.

आरक्षणाच्या दिवसाची तयारी

नेहमीच्या गाड्यांचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं, त्यापूर्वी ते 120 दिवस होतं. विशेष गाडीला मात्र पत्रकात दिलेली तारीखच खरी. ती कधी प्रवासाच्या महिनाभर आधी असते, कधी दहाच दिवस आधी. आणि एकाच दिवशी त्या गाडीच्या सगळ्या फेऱ्यांचं आरक्षण खुलं होऊ शकतं. म्हणूनच पत्रक वेळेवर हाती पडायला हवं.

आरक्षण सकाळी 8 वाजता सुरू होतं, खिडकीवरही आणि irctc.co.in वरही. आदल्या दिवशी एवढी कामं उरकून ठेवा.

IRCTC च्या खात्याची आधार पडताळणी करून घ्या. 1 ऑक्टोबर 2025 पासून सर्वसाधारण आरक्षण उघडल्यानंतरची पहिली 15 मिनिटं आधार पडताळणी झालेल्या खात्यांनाच दिली गेली, आणि पुढे ही मुदत वाढवत नेली. पडताळणी नसेल तर ऐन वेळी तुम्ही बाहेर उभे राहाल. आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू असायला हवा, ओटीपी त्यावर येतो. भाचीचा आधारला जोडलेला क्रमांक तिच्या बाबांचा होता आणि बाबा सकाळी देवळात. हे आदल्या रात्रीच कळलं म्हणून निभावलं, बाबांना फोन हातात घेऊन बसवलं.

खात्यात प्रवाशांची मास्टर लिस्ट तयार करा, म्हणजे नाव-वय पुन्हा टाईप करावं लागत नाही. एका तिकिटावर सहा प्रवासी बसतात. पैसे यूपीआयने देणार असाल तर त्या बँक खात्यात पुरेशी रक्कम आहे ना, दिवसाची मर्यादा संपलेली नाही ना, हे पाहून ठेवा. संकेतस्थळाचं सुविधा शुल्क यूपीआयला थोडं कमी पडतं, पण खरा फायदा वेळेचा आहे.

आणि दोन पर्याय कागदावर लिहून ठेवा: पहिली पसंती कोणत्या तारखेची, कोणत्या श्रेणीची, आणि ती गेली तर दुसरी कोणती. आठ वाजून दोन मिनिटांनी विचार करायला वेळ नसतो.

सकाळी आठ वाजता

आठला पाच मिनिटं कमी असताना लॉगिन करा. From मध्ये PUNE किंवा HDP, To मध्ये तुमच्या स्टेशनचा कोड टाका. शेगावचा SEG, अकोल्याचा AK, भुसावळचा BSL, नागपूरचा NGP. तारीख निवडा, कोटा GENERAL ठेवा. यादीत नावाच्या शेवटी SPL आणि क्रमांकाच्या सुरुवातीला 0 असलेली गाडी शोधा. श्रेणीवर टिचकी मारली की उपलब्धता आणि भाडं दोन्ही दिसतं. भाडं तिथेच वाचा, वरचा हिशेब लावून पाहा.

AVAILABLE म्हणजे जागा आहे. RAC म्हणजे बसायला जागा पक्की, पूर्ण बर्थ कदाचित. WL म्हणजे प्रतीक्षा यादी. REGRET म्हणजे प्रतीक्षा यादीचंही तिकीट बंद झालं. फॉर्ममध्ये 'Book only if confirm berths are allotted' अशी एक चौकट असते. सणाच्या गर्दीत मी ती खूण केल्याशिवाय पुढे जात नाही. तुम्ही पैसे भरेपर्यंत जागा संपल्या तर प्रतीक्षा यादीचं तिकीट गळ्यात पडत नाही.

पैसे कापले गेले आणि तिकीट दिसलं नाही, तर घाईने पुन्हा पैसे भरू नका. आधी 'Booked Ticket History' उघडून पाहा. कधी तिकीट निघालेलं असतं आणि फक्त पडदा अडकलेला असतो. खरंच निघालं नसेल तर रक्कम आपोआप परत येते, पण त्याला काही दिवस लागू शकतात. म्हणून दुसऱ्या खात्यात पैसे असलेले बरे.

पुणे स्टेशनच्या आरक्षण केंद्रावर जाणारे अजूनही पुष्कळ आहेत, आणि मोबाईल न वापरणाऱ्या आईवडिलांसाठी तोच मार्ग सोपा. फॉर्मवर गाडी क्रमांक शून्यासकट लिहा, तारीख मध्यरात्रीचा विचार करून लिहा आणि दुसरा पर्याय तोंडी सांगायला तयार राहा. रांगेत पहिल्या चार-पाचांत नसाल तर वातानुकूलितची आशा कमी धरा.

जागा नाही मिळाली तर

आता एका सोयीबद्दल सविस्तर सांगतो, कारण ती फार कमी लोक वापरतात. तिचं नाव VIKALP. तुम्ही नेहमीच्या गाडीचं प्रतीक्षा यादीतलं तिकीट ऑनलाइन काढलंत, तर त्याला जोडून त्याच मार्गावरच्या दुसऱ्या गाड्या निवडून ठेवता येतात. त्यांत विशेष गाडीही येऊ शकते. तुमचं तिकीट प्रतीक्षा यादीतच राहिलं आणि त्या दुसऱ्या गाडीत जागा रिकामी असली, तर चार्ट बनताना तुम्हाला तिथे हलवतात. भाड्यातला फरक मागत नाहीत. म्हणजे नेहमीच्या भाड्यात तीस टक्के महागाच्या गाडीतला बर्थ मिळू शकतो.

त्याला अटीही आहेत. जागा मिळेलच याची खात्री नाही. गाडी बदलली की पहिल्या गाडीत बसता येत नाही. गाडी बदलताना चढण्याचं किंवा उतरण्याचं स्टेशनही जवळपासचं दुसरं येऊ शकतं. म्हणून चार्ट बनल्यावर पीएनआर पुन्हा तपासायचाच. आमच्या ओळखीचे एक काका हे न तपासता जुन्या गाडीच्या डब्यासमोर उभे राहिले, आणि त्यांचा बर्थ दुसऱ्या गाडीतून रिकामा निघून गेला.

VIKALP नाही जमलं आणि ऑनलाइन तिकीट चार्टनंतरही पूर्ण प्रतीक्षेत राहिलं, तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. ते दाखवून आरक्षित डब्यात चढू नका. खिडकीवरचं प्रतीक्षा तिकीट मात्र आपोआप रद्द होत नाही. ते वेळेत स्वतः रद्द करावं लागतं, नाहीतर पैसे जातात. आणि तेही घेऊन शयनयानात किंवा वातानुकूलित डब्यात बसायची परवानगी नाही.

पहिल्या दिवशी REGRET दिसलं म्हणून हात टेकू नका. 'कालावधी विस्तारित' आठवा. दिवाळीच्या आधीचा आठवडा आणि मे महिन्याचा पहिला पंधरवडा, या काळात मी रोज सकाळी चहा घेताना मध्य रेल्वेची नवी पत्रकं पाहतो. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रवासाच्या दिवशी

विशेष गाडी उशिरा का धावते हे कळलं की मनस्ताप कमी होतो. नियमित गाड्यांना रुळावर आधी वाट मिळते, विशेष गाडीला बाजूला थांबवलं जातं. त्याहून मोठं कारण म्हणजे डबे. नागपूरहून आलेले डबेच धुऊन-पुसून परतीची गाडी म्हणून पुण्याहून सुटतात. येणारी गाडी पाच तास उशिरा आली तर जाणारी वेळेवर कशी सुटेल?

म्हणून सुरुवातीला सांगितलेली जोडी आता कामी येते. निघण्याच्या दिवशी दुपारी NTES च्या enquiry.indianrail.gov.in वर किंवा ॲपवर तुमच्या गाडीचा नव्हे, तिच्या जोडगाडीचा क्रमांक टाका. येणारी गाडी कुठवर पोहोचली ते दिसेल. ती अजून भुसावळलाच असेल तर तुम्हाला घाई करायचं कारण नाही. पण अधिकृत वेळ बदललेली दिसत नाही तोवर स्टेशनवर वेळेत जायला हवं, कारण कधीकधी दुसरेच डबे जोडून गाडी वेळेवर सोडतात.

भाचीच्या दिवशी येणारी गाडी अहिल्यानगरच्या अलीकडे रखडली होती. तिने दुपारी तीनला पाहिलं, पुन्हा सहाला पाहिलं. संध्याकाळी सुटण्याची वेळ अडीच तास पुढे गेल्याचा मेसेज आला तेव्हा ती घरीच जेवत होती. स्टेशनवर गेलेल्या मैत्रिणी सामानावर बसून होत्या.

गाडी तुमच्या स्टेशनवरून तीन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्ही जायचंच नाही असं ठरवलं, तर पूर्ण परतावा मिळतो. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी IRCTC च्या खात्यातून TDR नावाचा परताव्याचा अर्ज भरावा लागतो. गाडी निघून गेल्यावर भरलेला अर्ज या कारणासाठी चालत नाही.

अशा गाड्यांत खानपान डबा बहुधा नसतो आणि गाडी आडरानात थांबली की फेरीवालाही येत नाही. दोन वेळचं जेवण आणि माणशी तीन लिटर पाणी घरूनच घ्या. सणाच्या गर्दीत फलाट तिकिटं काही दिवस बंद ठेवली जातात, म्हणून पोहोचवायला येणाऱ्यांना बाहेरूनच निरोप द्यायला सांगा. फलाटावर डब्यांचा क्रमही नेहमीच्या गाडीसारखा असेल असं धरू नका. भाचीचा B2 इंजिनापासून चौदावा होता आणि तिला सवय पुढच्या टोकाला उभं राहायची. फलाटावरच्या डिजिटल पाटीवर क्रम लागला की आधी तिकडे चालायला लागा, मग पाण्याची बाटली भरा.